बिल नाही, लेबल नाही, खोकं नाही: ही पैठणी नक्की कसली आणि बदलून मिळेल का?

रानजाई
गेल्या महिन्यात आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. नाशिकच्या चुलत सासूबाईंनी आहेरात एक साडी दिली. दिसायला पैठणी आहे, पण ती आली साध्या पारदर्शक पिशवीतून. खोकं नाही, दुकानाची पिशवी नाही, लेबलही नाही. एका टोकाला दोऱ्यात अडकलेला कागदाचा कोपरा तेवढा उरलाय, म्हणजे तिथलं काहीतरी फाडलेलं असावं. आतल्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा एक पुसट आकडा आहे.

अंग चिंतामणी रंगाचं, काठ जरीचा नारळी, अंगभर पैशासारख्या छोट्या गोल बुट्ट्या, पदरावर मोर. ब्लाउजपीस साडीलाच आहे. फॉल-पिको केलेलं नाही, घडीही मोडलेली नाही.

माझ्याकडे लग्नातली चिंतामणी पैठणी आधीच आहे, त्यामुळे दुसऱ्या रंगाची मिळाली तर बरं. तर दोन प्रश्न:
१. ही हातमागाची खरी पैठणी की सेमी, हे घरबसल्या कळेल का?
२. बिलाशिवाय बदलून मिळणं शक्य आहे का? सासूबाईंना थेट विचारणं अवघड आहे. त्या दुखावतील.

टवाळ
तिसरा पर्याय राहिला. पुढच्या वास्तुशांतीला पुढे सरकवा. फक्त नाशिकच्या बाजूला नको.

पमाताई
सोपं आहे गं. काठाच्या अगदी कडेला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात का बघ. दिसली तर हातमाग. आणि एक धागा काढून जाळ, केस जळल्यासारखा वास आला की रेशीम. आमच्या आईने आयुष्यभर असंच ओळखलं.

निनाद_डोंबिवली
ॲपवरून घेतली असेल तर परतीची मुदत साधारण आठवडाभर असते, ती संपली असणार. मला भाच्याने मिक्सर दिला होता, त्याचं झाकण बसत नव्हतं. कस्टमर केअरला फोन केला तर ऑर्डर नंबर मागितला. शेवटी भाच्याने त्याच्या खात्यातून तक्रार टाकली, तेव्हा माणूस आला.

रानजाई
निनाद, ॲपवरून नसावी. सासूबाई अजून साधा फोन वापरतात.
पमाताई, भोकं आहेत! दोन्ही काठांना.

येवलेकर
जरा थांबा. भोकं यंत्रमागावरही पडतात. कापडाचा पन्हा ताणून धरण्यासाठी दोन्हीकडे काहीतरी टोचावंच लागतं. फरक ती कशी पडतात यात असतो. हातमागावर विणकर टोकांना खिळे असलेली आडवी काठी लावतो आणि थोडं विणून झालं की ती पुढे सरकवतो. म्हणून भोकं टप्प्याटप्प्याने येतात, दोन टप्प्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त असतं आणि भोकंही जराशी मोठी दिसतात. यंत्रमागावर कडेला काटेरी कड्या फिरत असतात, त्यांची बारीक ठिपक्यांची रांग सलग आणि एकसारखी जाते. तेव्हा भोकं आहेत का यापेक्षा ती कशी आहेत ते सांगा.

आणि पुढच्या बाजूचे फोटो टाकू नका, त्यातून काही कळत नाही. साडी उलटी करा. मला तीन गोष्टी हव्यात:
पदरावरच्या एका मोराची मागची बाजू, अगदी जवळून.
एका बुट्टीची मागची बाजू आणि शेजारच्या बुट्टीपर्यंतची मोकळी जागा.
आणि पदरावरचे दोन मोर शेजारी शेजारी धरून, चोच आणि पायाजवळ.

टवाळ
मोरांची ओळखपरेड!

येवलेकर
तसंच समजा. जॅकार्ड यंत्रावर नक्षी भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नाहीतर संगणकावरून येते. एका मोराच्या चोचीत धागा चुकला की प्रत्येक मोराच्या चोचीत त्याच ठिकाणी चुकतो. हाताने भरलेल्या पदरात प्रत्येक मोर नव्याने विणलेला असतो. एकाची मान जाड, दुसऱ्याचा डोळा एक घर वर. आमच्या घरात दोन भाऊ एकाच मागावर पाळीने बसायचे. पदर बघून काका सांगायचे, हा मोर धाकट्याचा.

मेधा_क
एवढा खटाटोप कशाला? खऱ्या पैठणीला सिल्क मार्क असतो. लेबल नाही म्हणजे सेमी. विषय संपला.

येवलेकर
मेधाताई, नाही संपत. सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 साली सुरू झाला. तो एवढंच सांगतो की वस्तू शुद्ध रेशमाची आहे. माग कुठला याबद्दल तो बोलत नाही, त्यामुळे यंत्रमागावर विणलेल्या शुद्ध रेशमी साडीलाही तो लागू शकतो. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा. शिवाय ही लेबलं बऱ्याचदा दोऱ्याने लटकवलेली असतात. आहेर देताना किंमत दिसू नये म्हणून लोक कात्री चालवतात आणि किमतीच्या चिठ्ठीबरोबर मार्कही जातो. रानजाईंच्या साडीला कागदाचा कोपरा उरलाय, म्हणजे तेच झालं असणार. त्यावर काय छापलं होतं ते मात्र आता कुणीच सांगू शकत नाही.

रानजाई
खिडकीपाशी उजेडात बसून नीट पाहिलं. फोटो चढत नाहीयेत, म्हणून लिहूनच सांगते.

मोर मागूनही जवळजवळ पुढून दिसतो तसाच दिसतो. लोंबणारे धागे नाहीत, जाळीही नाही. रंग बदलतो तिथे कडेला धागे एकमेकांत अडकवल्यासारखी बारीक उंचवट्याची रेघ आहे. दोन मोर शेजारी धरले. एकाची चोच टोकदार आहे, दुसऱ्याची बोथट, आणि एकाच्या तुऱ्यात दोनच रेघा.

बुट्टीच्या मागे जर बुट्टीपुरतीच आहे, मधली जागा स्वच्छ. भोकं थोडी थोडी अंतर सोडून आहेत, काही ठिकाणी दोनदोन जवळ.

अजून एक. अंगाचा रंग हलवला की निळा-जांभळा बदलतो आणि काठातही जरीच्या मधून तीच झाक दिसते. हे चांगलं की वाईट?

येवलेकर
चांगलंही नाही, वाईटही नाही, पण ओळखायला फार उपयोगाचं. ही एकधोटी दिसते. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा नेणारा एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो, म्हणून अंगातला बाणा काठातही येतो आणि रंगाची झाक तिकडे पोचते. कडियल साडीत काठाचे धोटे वेगळे, अंगाचा वेगळा. तिथे काठ आणि अंग यांच्यामध्ये रंगाची स्वच्छ हद्द पडते आणि सांध्यावर धागे एकमेकांत अडकवलेले असतात. एकधोटीला नारळी काठ आणि पैसा किंवा वाटाण्यासारखी साधी बुट्टी ही जुनी जोडी आहे. तुमच्या वर्णनात दोन्ही आलंय. रंग बदलतो कारण उभा ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या.

पदराचं तर स्पष्टच आहे. ती उंचवट्याची रेघ म्हणजे दोन कांड्यांवर, छोट्या नळ्यांवर, गुंडाळलेले धागे हाताने एकमेकांत गुंतवलेले. बुट्टीमागची जर बुट्टीपुरतीच राहिली, म्हणजे तीही छोट्या कांडीने भरलेली. यंत्रमागावर जर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळते आणि मधली नंतर कापतात, मग मागे बुट्टीच्या दोन्ही बाजूंना मिशा राहतात.

हातमाग, हे मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन. रेशीम आहे का, हे अजून ठरलेलं नाही.

सुगंधा
येवलेकर, माझ्या पैठणीच्या मागे खूप धागे आहेत. दुकानदाराने हातमागाची म्हणून दिली. फसवलं का मला?

येवलेकर
तेवढ्यावरून असं म्हणता येणार नाही. हातमागालाही जॅकार्ड बसवतात. तसल्या ब्रोकेड साडीच्या मागे धागे असणारच, तरी ती हातमागाचीच असते. मागची बाजू स्वच्छ असेल तर पदर हाताने भरलाय असं म्हणता येतं. धागे असले तर त्यावरून काहीच ठरत नाही, मग भोकं आणि बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. तुमच्या साडीचा वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

टवाळ
पैठणीच्या धाग्यात गुंता नको म्हणे!

पमाताई
मग जाळायला सांग ना रानजाईला एक धागा. त्यात कसली अडचण?

येवलेकर
अडचण नाही, पण कुठला धागा ते महत्त्वाचं. पदराच्या टोकाला जे सुटे धागे लोंबतात ते सगळे ताण्याचे. ते रेशमाचे निघाले तरी बाणा दुसरा असू शकतो आणि भेसळ बहुतेक वेळा तिथेच करतात. पदराकडचा बाणा जरीचा, तो कामाचा नाही. म्हणून ब्लाउजपीसच्या टोकाकडून, अगदी शेवटचा आडवा धागा बोटभर काढा. तिथे काढलेला दुकानदाराच्याही लक्षात येत नाही.

दोन्ही धागे वेगवेगळे चिमट्यात धरून जाळा. रेशीम ज्योतीपासून आक्रसतं, ज्योत काढली की विझू लागतं, केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी करडी राख म्हणजे कृत्रिम आर्ट सिल्क, नाहीतर सूत.

अनिरुद्ध_ठाणे
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी गेलेलं दिसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दोष असलेला माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं हीसुद्धा. बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापून दुकानदाराला त्यातून सुटता येत नाही. शिवाय विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो, म्हणजे आहेर मिळालेली व्यक्तीसुद्धा. रानजाई, तुम्ही ठामपणे मागू शकता.

गादीवरचा
अनिरुद्धदादा, लिहिलंय ते बरोबर, पण शब्द 'दोष असलेला माल' आहे. घरात हाच रंग आधीपासून आहे, हा दोष नाही. धागा तुटलाय, डाग आहे, रेशीम सांगून दुसरंच दिलंय, तर गोष्ट वेगळी. रंगासाठी बदलून देणं हा दुकानाचा मोठेपणा असतो, तो मागून घ्यायचा असतो.

मी पुण्यात लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात बरीच वर्षं गादीवर बसलोय. बिल नसलेली साडी रोज कुणीतरी आणायचं, लग्नसराई संपली की जास्तच. आम्ही कागद मागायचो खरा, पण आधी बघायचो ती साडी.

पहिलं, माल आमचा आहे का. त्या जांभळ्या आकड्यात जीव आहे. काही ठिकाणी तो विणकराचा किंवा ठोक व्यापाऱ्याचा असतो, काही ठिकाणी दुकानाचा. प्रत्येक दुकानाची टिपण्याची रीत वेगळी. आमचा मालक आकडा न वाचता, नुसती जागा आणि शाई बघून सांगायचा, ही आपली नाही.

दुसरं, साडी परत विकता येईल का. फॉल लागला की संपलं. पिकोही नको. घडी उलगडून चुकीची घातली तर दुसरी रेघ पडते आणि ती गादीवर लगेच दिसते. अत्तराचा, डांबरगोळीचा वास आला तरी लोक नाही म्हणतात.

तिसरं म्हणजे किती दिवस झाले आणि सेलमध्ये घेतली होती का. सेलमधली सहसा बदलत नाहीत.

रोख परत मिळेल ही आशा धरू नका. तेवढ्याच किमतीची दुसरी साडी, वरचे पैसे तुम्ही भरायचे. कमीची घेतली तर फरकाची चिठ्ठी, तीही मुदतीची.

रानजाई
@गादीवरचा, पण दुकानच माहीत नाही त्याचं काय?

गादीवरचा
मग मार्ग दुकानातून नाही, घरातून काढायचा. बरोबर कोण गेलं होतं ते शोधा. नाशिकच्या बायका एकट्या पैठणी घ्यायला जात नाहीत. सून, लेक, शेजारीण, कुणीतरी असतंच. आजकाल बिल करताना मोबाईल नंबर विचारतात. ज्याचा नंबर दिला असेल त्यावरून दुकानाला बिल पुन्हा काढता येतं. यूपीआयने पैसे दिले असतील तर फोनमध्ये तारीख, रक्कम आणि दुकानाचं नाव तिन्ही असतात. तो एक स्क्रीनशॉट दहा विनंत्यांपेक्षा भारी.

सातासमुद्रापार
इथे न्यू जर्सीत बऱ्याच दुकानांत गिफ्ट रिसीट मागता येते. त्यावर किंमत नसते, वस्तू आणि तारीख असते, ती खोक्यातच टाकायची. आपल्याकडे का नाही करत? सगळा संकोच त्याने संपेल.

पमाताई
आपल्याकडे खोक्यात बदलण्याची चिठ्ठी टाकली तर लोक म्हणतील, हिला आपल्या पसंतीची खात्री नव्हती वाटतं.

मेधा_क
मला मुळात हेच पटत नाही. वडीलधाऱ्यांनी दिलेली हातमागाची साडी, आणि रंगासाठी बदलायची? दोन चिंतामणी असल्या तर काय बिघडलं? आणि पुढच्या कार्यात त्यांनी विचारलं, ती नेसली नाहीस का, तर?

टवाळ
दोन्ही चिंतामणीच असतील तर पहिलीच नेसायची. कुणाला कळणार?

पमाताई
येवलेकरांचे मोर सांगतील ना.

रानजाई
मेधा, मुद्दा कळतोय. म्हणूनच आधी ती काय आहे ते समजून घेत होते.

काल धागे जाळले. पदराकडचा उभा: केसांचा वास, राख चुरली. ब्लाउजच्या टोकाकडचा आडवा: तसाच. मणी नाही. जरीचा एक धागा नखाने खरवडला तर आतून लाल निघाला.

पमाताई
लाल! मग चांदीची जर. नशीबवान आहेस. माझ्या लग्नातल्या शालूची जर आतून लालच होती.

येवलेकर
पमाताई, तुमच्या शालूच्या काळात ते बऱ्याच अंशी खरं होतं. खऱ्या जरीत लाल रंगवलेल्या रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. पण गिऱ्हाईक नखाने खरवडून बघतं हे सुरतेच्या कारखानदारांनाही माहीत आहे. आता तांब्याच्या तारेखालीही लाल धागा मिळतो. आत लाल नसेल तर शंका घ्यावी, लाल असला म्हणून चांदी समजू नये. टेस्टेड, म्हणजे तांब्याच्या तारेची, जर असण्याचीच शक्यता जास्त. आज हातमागाच्या साध्या पैठणीत ती सर्रास वापरतात, त्यात फसवणूक नाही. चांदीचं प्रमाण बघायचंच असेल तर सोनाराकडच्या मशीनवर साडीच न्यावी लागेल.

बाकी ताणा रेशीम, बाणा रेशीम, पदर हाताने भरलेला. येवल्यात अशा साध्या बुट्टीच्या आणि छोट्या पदराच्या साड्या आठ-दहा हजारांपासून मिळतात. पदर भरगच्च असला की भाव चढतो. तुमचा पदर केवढा आहे, हे तुम्ही सांगितलेलं नाही, म्हणून नेमकी किंमत विचारू नका. सेमी दीड-दोन हजारांतही येते, तर ही त्यातली नाही एवढं नक्की.

सुगंधा
मी विचारलं होतं त्याचा वेगळा धागा काढलाय. येवलेकर, या की तिकडे.

निनाद_डोंबिवली
म्हणजे ॲपवरून नव्हती तर.

रानजाई
अपडेट देते. नाशिकच्या जाऊबाईंशी बोलले, सहज विषय काढून. त्याच बरोबर गेल्या होत्या. साडी येवल्याच्या एका दुकानातून घेतलेली, पैसे रोख, पण बिलावर नंबर जाऊबाईंचा. त्यांनी दुकानात फोन केला. नंबरवरून बिल सापडलं. आकडा कुठे आहे आणि कुठल्या शाईचा, हेच दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं!

तो म्हणाला, मुदत पंधरा दिवसांची होती, ती उलटून गेली. तरी फॉल लागला नसेल आणि घडी तीच असेल तर घेऊन या, बघून सांगतो. रोख नाही, फक्त बदल. जाऊबाई म्हणतात, सासूबाईंना त्या स्वतः सांगतील, 'रंग तिच्याकडे आहे' एवढंच. हे सांगावं की नाही यावर घरात अजून एकमत नाही. आमच्या अहोंचं मत मेधासारखं आहे.

गादीवरचा
'बघून सांगतो' म्हणजे निम्मं काम झालं. दुपारी जा, गर्दी नसताना. शनिवार-रविवार टाळा. जाऊबाईंना बरोबर न्या, गिऱ्हाईक त्या आहेत, तुम्ही नाही. आणि साडी तुम्ही उलगडू नका, त्यालाच उलगडू द्या.

अनिरुद्ध_ठाणे
आणि बदलून घेतलेल्या साडीचं नवं बिल मागा. जुन्या बिलावर पेनाने खाडाखोड चालवून घेऊ नका. पुढे दोष निघालाच तर मुदत नव्या बिलाच्या तारखेपासून मोजता यायला हवी.

येवलेकर
दुसरी निवडताना आधी मागची बाजू बघा, रंग नंतर. त्याच किमतीत भरगच्च पदर दाखवला तर हुरळून जाऊ नका. तो बहुधा ब्रोकेड असेल. आवडला तर जरूर घ्या, पण दुकानदाराला विचारा की पदर कांडीने भरलाय की जॅकार्डवर, आणि तो जे सांगेल ते बिलावर लिहून मागा. नुसतं 'साडी, एक नग' असलेलं बिल घेऊ नका.

टवाळ
आणि नेसलीत की मोरांचे फोटो टाका. पुढून आणि मागून.

मेधा_क
मी अजूनही म्हणते, ठेवून द्या तीच.